पाकिटात किती, हे पत्रात का नको?

परिषदेच्या संयोजकांची बैठक बसली की एक मत हमखास मांडले जाते, आणि तेही मोठ्या आदबीने. उद्योगातल्या जाणकाराला बोलवायचे तर आधी फोन करावा, मग छानसे पत्र धाडावे. पत्रात संस्थेचा इतिहास यावा, पाहुण्यांचा गौरव यावा, 'आपल्या सोयीनुसार' आणि 'आपल्या आवडीच्या विषयावर' असे शब्द यावेत. पैशाचा विषय मात्र काढू नये. कार्यक्रमानंतर शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकिटात किती, हे पाहुण्यांनी घरी गेल्यावर पाहावे.

अलीकडेच एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी हेच मत माझ्यापुढे तीन मुद्द्यांत मांडले. पत्रात आकडा लिहिला की निमंत्रणाला कोटेशनची कळा येते. मोठी माणसे पैशासाठी येत नाहीत, ती विद्यार्थ्यांसाठी येतात. आणि आपली रक्कम लहान असते, ती लिहून पाहुण्याचा अपमान कशाला करा? सरांनी पुष्कळ परिषदा भरवल्या आहेत, त्यांचा हेतू निर्मळ आहे, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे उलट आहे. समोर कोण बसणार, नेमके कशावर बोलायचे, कोणत्या दिवशी किती वाजता, आणि मानधन किती व कसे, या चार गोष्टी पहिल्याच पत्रात नसतील तर त्या पत्राने पाहुण्याचा मान राखलेला नाही. आपल्याला अवघड वाटणारे प्रश्न त्याने त्याच्या तोंडाने विचारावेत, एवढीच सोय त्यात केलेली असते.

आधी परंपरेचे पाहू, कारण तिचा दाखला फार दिला जातो. परंपरेच्या नावाने बोलणाऱ्यांनी एकदा पाडव्याच्या सुमारास नारायणगावला जावे. तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, जत्रेची तिथी सांगतात, कोणता फड, कोणत्या रात्री, किती रकमेला, हे समोरासमोर ठरवतात, सुपारी देतात आणि मगच परततात. कीर्तनकाराची बिदागीही बहुतेक गावांत आधी बोलून ठेवलेली असते. कला आणि विद्या सांगणाऱ्या माणसाशी आधी ठरवून घेण्यात आपल्याकडे कमीपणा कधी नव्हता. संकोच आहे तो कार्यालयांतला, आणि त्याला संस्कृतीचे नाव देऊन आपण मोकळे होतो.

आता एक उदाहरण तपशिलात घेऊ. कोल्हापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाला फौंड्री या विषयावर परिषद भरवायची आहे, असे धरा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात ओतकामाचे कारखाने भरपूर, त्यामुळे विषय योग्यच. वक्ता म्हणून भोसरीचे एक सल्लागार सुचवले जातात. आयुष्य ग्रीन सँडच्या साच्यांवर गेलेले, वाळू हातात घेऊन दाबली की तिची तब्येत सांगणारे. सरांच्या पद्धतीचे पत्र त्यांना जाते. विषय: 'फौंड्री उद्योगातील आधुनिक प्रवाह'. श्रोते: 'विद्यार्थी, प्राध्यापक व उद्योजक'. तारीख: 'महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात'. मानधन: उल्लेख नाही.

या पत्रातली सर्वांत महागात पडणारी ओळ मानधनाची नाही, श्रोत्यांची आहे. 'विद्यार्थी, प्राध्यापक व उद्योजक' म्हणजे कोणीही. सल्लागारांनी तयारी कशाची करायची? समोर कारखान्यातले सँड प्लान्टचे सुपरवायझर असतील तर व्याख्यान थेट प्रश्नापासून सुरू होते. कॉम्पॅक्टिबिलिटी रोजच्यासारखी येते आहे, तरी ब्लोहोल का वाढले? जाणकार विचारतो, तेवढी कॉम्पॅक्टिबिलिटी मिळवायला पाणी किती घालावे लागते? पाणी पूर्वीपेक्षा जास्त लागत असेल तर वाळूत मेलेली माती आणि बारीक धूळ साठली आहे. ती पाणी पिते, पण बांधणीला उपयोगी पडत नाही. साच्यात पाणी वाढले, त्याची वाफ झाली, शिवाय धुळीने वाळूतल्या फटी बुजल्याने वायूला बाहेर पडायची वाट कमी झाली. मग उपाय पाणी तोडण्याचा नाही, धूळ ओढणारी यंत्रणा तपासण्याचा, नवी वाळू आणि ताजे बेंटोनाइट घालण्याचे प्रमाण बदलण्याचा. हे ऐकायला सुपरवायझर वही काढून बसतो. त्याच्या रिजेक्शनचा हिशोब त्यात असतो.

समोर दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी असतील तर याच माणसाला वेगळ्या जागेवरून सुरुवात करावी लागते. वाळूत बेंटोनाइट का घालतात, पाणी नसले तर ते काम का करत नाही, वाळूला 'हिरवी' म्हणतात म्हणजे फक्त ओली, रंगाचा संबंध नाही. एवढे सांगून नमुने हातात दिले की तासभर उत्तम जातो. दोन्ही व्याख्याने चांगली आहेत, पण ती दोन आहेत. 'उद्योजक' या शब्दावर विसंबून पाहुणे पहिले तयार करून येतात, आणि सभागृह भरावे म्हणून संगणक शाखेची मुलेसुद्धा हजेरीच्या अटीवर आणून बसवलेली असतात. पहिल्या वीस मिनिटांत मोबाइल खाली मांडीवर जातात. मग संयोजक म्हणतात, माणूस ज्ञानी आहे, पण बोलता येत नाही. बोलता येत होते हो, कोणाशी बोलायचे ते त्यांना सांगितले नव्हते.

पत्रात हे लिहायला दोन ओळी लागतात. 'अंदाजे ऐंशी श्रोते; त्यांपैकी साठ जण परिसरातील फौंड्रीमधील सँड, मोल्डिंग व क्वालिटी विभागाचे सुपरवायझर, उरलेले अंतिम वर्षाचे यांत्रिकी शाखेचे विद्यार्थी. व्याख्यान मराठीत.' भाषेचा उल्लेख मी मुद्दाम करतो. कारखान्यात वीस वर्षे काढलेला माणूस मराठीत ब्लोहोलवर दोन तास बोलेल. इंग्रजी स्लाइड वाचायला लावले की तोच माणूस अर्ध्या तासात संपतो.

विषयाचेही तसेच. 'आधुनिक प्रवाह' हा विषय नाही, ती रिकामी जागा आहे. संयोजकांना वाटते की असे मोघम लिहिले की वक्त्याला स्वातंत्र्य मिळते. प्रत्यक्षात तो दुसऱ्या कुठल्यातरी परिषदेतली जुनी स्लाइड उचलतो, कारण नवे काय करायचे ते त्याला कळलेले नसते. त्याऐवजी लिहा: 'ग्रीन सँड साच्यातील ब्लोहोल: दोष वाळूचा की धातूचा, हे कसे ओळखावे'. यात वक्त्याचे स्वातंत्र्य कुठेही कमी होत नाही. वाळूतल्या वायूने झालेली पोकळी बहुधा मोठी, गुळगुळीत भिंतीची, कास्टिंगच्या वरच्या बाजूला असते. वितळलेल्या धातूत विरघळलेल्या वायूची छिद्रे बारीक, कातडीखाली दडलेली, पुष्कळदा शॉट ब्लास्टिंग किंवा मशिनिंगनंतरच दिसणारी. हा फरक तो आपल्या अनुभवातल्या नमुन्यांवर दाखवील. सोबत एक विनंती जोडावी: श्रोत्यांनी आपापले सदोष तुकडे आणले तर शेवटची वीस मिनिटे आपण ते पाहाल का? अशा विनंतीला नकार देणारा फौंड्रीवाला मला अजून भेटलेला नाही.

विषय आधी ठरण्याचे आणखी एक कारण आहे, जे महाविद्यालयांना ठाऊक नसते. वक्ता नोकरीत असेल तर त्याला कंपनीची परवानगी लागते. ग्राहकाच्या कास्टिंगचे छायाचित्र, ड्रॉइंग, रिजेक्शनचे आकडे हे सगळे गोपनीयतेच्या करारात येते. स्लाइड कंपनीच्या कायदा किंवा जनसंपर्क विभागाकडून तपासून घ्यावी लागते, आणि त्याला आठवडे जातात. व्याख्यानाचे चित्रीकरण होणार का, ते पुढे कुठे दाखवणार का, हाही प्रश्न तिथूनच येतो. आठ दिवस आधी 'सर, पीपीटी पाठवा' म्हणणारा संयोजक त्या माणसाला त्याच्याच कार्यालयात अडचणीत टाकत असतो. सहा ते आठ आठवडे आधी, ठरलेल्या विषयासह पत्र जायला हवे, ते यासाठी.

तारखेबद्दल थोडक्यात. 'आपल्या सोयीनुसार' हे सौजन्य वाटते, पण सभागृह, श्रोते आणि इतर वक्ते ज्या दिवशी जमणार तो दिवस तुम्हीच ठरवणार आहात. मग निदान उद्योगाचे कॅलेंडर पाहून ठरवा. महिन्याचे शेवटचे दिवस डिस्पॅचचे, मार्चअखेर तर विचारूच नका. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते, रविवारची नव्हे. आपण शनिवार धरतो, कारण तो महाविद्यालयाला सोयीचा. भोसरीहून कोल्हापूर साधारण अडीचशे किलोमीटर, वाटेत खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके. तासाभराच्या व्याख्यानासाठी त्या माणसाचा आख्खा दिवस जातो, बहुधा आदली रात्रही. पावसाळ्यात पंचगंगा चढली की शिरोलीजवळ महामार्गच बंद पडतो, २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये ते सगळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर पर्यायी तारीखही पत्रातच द्यावी.

आता मानधन. सर म्हणतात, मोठी माणसे पैशासाठी येत नाहीत. खरे आहे. पण पैशासाठी न येणे आणि पैशाबद्दल अंधारात राहायला तयार असणे, या एकच गोष्टी नव्हेत. न विचारणारा माणूस समाधानी असतो असे आपण धरून चालतो. तो फक्त सभ्य असतो. आणि पुढच्या वर्षी 'त्या दिवशी जरा अडचण आहे' असे तितक्याच सभ्यपणे सांगतो.

शिवाय आकडा त्याला लोभापायी हवा असतो असे थोडेच आहे? नोकरीतल्या माणसाला बाहेरून मानधन घेता येते की नाही, हे त्याच्या कंपनीच्या आचारसंहितेवर ठरते. काही ठिकाणी परवानगीने चालते, काही ठिकाणी मुळीच नाही. परवानगीच्या अर्जात रक्कम लिहावी लागते. पत्रात रक्कम नसेल तर तो अर्जात काय लिहिणार, 'पाकीट मिळेल' असे? समारंभात हातात आलेले पाकीट कधी कधी त्याच्यासाठी खरोखर संकट असते: सर्वांसमोर परत करता येत नाही, ठेवून घेतले तर नियम मोडतो.

स्वतंत्र सल्लागाराचे प्रश्न वेगळे. त्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर असेल तर तो जीएसटीत नोंदणी केलेला असतो, आणि अशा सेवेवर अठरा टक्के लागतो. तुमचे पंधरा हजार जीएसटी धरून की सोडून? हे आधी न ठरल्यास कर त्याच्या खिशातून जातो. टीडीएसचा घोळ तर नेहमीचा. व्यावसायिक शुल्कावरची दहा टक्के कपात एकाच संस्थेकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ठरलेल्या मर्यादेच्या पुढे गेली तरच करायची असते. ती मर्यादा पूर्वी तीस हजार होती, १ एप्रिल २०२५ पासून पन्नास हजार झाली. तरीही कित्येक लेखा विभाग सवयीने पंधरा हजारांवरही दीड हजार कापून मोकळे होतात. पाहुण्याला साडेतेरा हजार दिसतात, फोन करायचा संकोच वाटतो, आणि संस्था बेभरवशाची, असे मत तो मनात नोंदवून ठेवतो.

प्रवासखर्चाचा गोंधळ याहून जुना. 'मानधन दोन हजार' असे ऐकून पाहुण्याला वाटते की प्रवासाचे वेगळे मिळतील. संयोजकाच्या मनात ते त्यातच धरलेले असतात. स्वतःच्या गाडीने भोसरी ते कोल्हापूर जाऊन येण्याचे डिझेल आणि जाता-येता मिळून आठ टोल धरले तर दोन हजारांत ती फेरीसुद्धा बसत नाही. म्हणजे आपण त्या माणसाकडून देणगी घेतली, आणि वर शाल पांघरून फोटो काढला. तो फोटो पुढे नॅकच्या फायलीत 'उद्योग-संस्था सहकार्य' या शीर्षकाखाली लागतो.

असे पत्र कसे दिसते? मी लिहीन ते असे:

'मा. महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या महाविद्यालयात गुरुवार, दि. २१ जानेवारी २०२७ रोजी फौंड्री परिषद होत आहे. त्यात सकाळी ११ ते १२.१५ या वेळेत "ग्रीन सँड साच्यातील ब्लोहोल: दोष वाळूचा की धातूचा?" या विषयावर आपण बोलावे, अशी विनंती आहे. पंचावन्न मिनिटे व्याख्यान आणि वीस मिनिटे श्रोत्यांनी आणलेले सदोष कास्टिंग पाहणे, असे स्वरूप योजले आहे. अंदाजे ऐंशी श्रोते असतील, त्यांत साठ फौंड्री सुपरवायझर व वीस अंतिम वर्षाचे विद्यार्थी. भाषा मराठी.

मानधन रु. १५,०००. जीएसटी लागू असल्यास आपल्या बिलानुसार त्यावर वेगळा. भोसरी ते कोल्हापूर येण्याजाण्यासाठी गाडी व २० तारखेचा मुक्काम यांची व्यवस्था महाविद्यालय करील, त्याचा खर्च मानधनात धरलेला नाही. रक्कम कार्यक्रमानंतर सात दिवसांत आपल्या बँक खात्यात जमा होईल. आपल्या संस्थेच्या नियमानुसार मानधन स्वीकारता येत नसल्यास तसे कळवावे.

चित्रीकरण आपल्या लेखी संमतीशिवाय होणार नाही. आपला निर्णय ५ डिसेंबरपर्यंत कळावा. श्रोत्यांचे प्रश्न गोळा करून आम्ही डिसेंबरअखेर आपल्याकडे पाठवू.

आपला नम्र, संयोजक.'

यात कोटेशनची कळा कुठे आली, ते सरांनी दाखवून द्यावे. उलट या पत्रात एक गोष्ट आहे जी गौरवाच्या पानभर पत्रात नसते: हा माणूस काय जाणतो, ते आम्ही समजून घेतले आहे. 'ओतकाम क्षेत्रातील दीपस्तंभ' असे कोणालाही लिहिता येते. ब्लोहोलचा प्रश्न नेमका त्यालाच विचारावा, असे लिहायला त्याच्या कामाची माहिती काढावी लागते.

लहान रकमेच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे. ग्रामीण महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात पंधरा हजार बसत नाहीत, हे मला मान्य. तिथे तीन हजार असतील तर तीन हजार लिहावेत. काहीच देता येत नसेल तर 'मानधन देऊ शकत नाही, प्रवास व मुक्काम आमच्याकडे' असे स्वच्छ लिहावे. अशा पत्रांना होकार येतात, हे मी पाहिले आहे, कारण समोरच्याला ठरवण्याची संधी मिळते. मदत म्हणून यायचे की काम म्हणून, हे त्याने ठरवायचे, आपण नव्हे. अपमान लहान आकड्याने होत नाही. आकडा लहान आहे हे आधी माहीत असूनही तो लपवला, हे नंतर उघड झाले की होतो.

राहिला एक आक्षेप, जो बैठकीत मोठ्याने कोणी बोलत नाही पण सर्वांच्या मनात असतो. आकडे लिहिले की वक्ते आपसांत तुलना करतील. एकाला पंधरा, दुसऱ्याला पाच, हे बाहेर येईल. येऊ द्या. एक जण पुण्याहून दिवस मोडून येतो, दुसरा त्याच गावात तासभर बोलून कामावर परततो. एकाचे बीजभाषण, दुसरा परिसंवादात चौथा. फरकाला कारण असेल तर ते सांगता येते. कारण सांगता येत नसेल, म्हणजे एका वक्त्याला अध्यक्षांच्या ओळखीमुळे जास्त दिले असेल, तर ती अडचण समितीच्या बैठकीत सोडवायची आहे. कोरे पत्र धाडून ती फक्त पाहुण्याच्या गळ्यात पडते.

आणि समजा, आकडा पाहून भोसरीचे सल्लागार नाही म्हणाले. तरी ५ डिसेंबरला तुमच्या हातात जवळजवळ सात आठवडे आहेत. विषय लिहून दिलेला असल्याने ते बहुधा नकारासोबत एक नावही सुचवतील: उद्यमनगरात किंवा कागलला असलेला, कधी काळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला कोणीतरी. मुक्कामाची खोली आणि भोसरीची गाडी दोन्ही वाचतील, आणि ते पैसे त्याच्या मानधनात घालता येतील.